घरभाडं, वीज, फोन: व्यवसायाचा वाटा काढायचा कसा?

घरातून काम करणाऱ्यांच्या हिशेबात एक आकडा हमखास सापडतो, तो म्हणजे ५० टक्के. फोनच्या बिलाचे ५०, इंटरनेटचे ५०, विजेचेही ५०. हा आकडा आला कुठून, असं विचारलं की उत्तर मिळतं, "निम्मं घरचं, निम्मं कामाचं." कर तपासणाऱ्याच्या डोळ्यांत खुपतो तो नेमका हाच आकडा, कारण मोजून काढलेलं प्रमाण इतकं गोल क्वचितच निघतं. आणि गंमत म्हणजे सरसकट ५० टक्के लावणारा माणूस एका खर्चात हक्कापेक्षा कितीतरी जास्त मागत असतो, तर दुसऱ्या खर्चात स्वतःचेच पैसे सोडून देत असतो.

याचं कारण असं की प्रत्येक खर्च वेगळ्या गोष्टीमुळे होतो. भाडं आपण जागेसाठी देतो. विजेचं बिल उपकरणं किती वेळ चालली यावर येतं. फोनचं बिल वापरासाठी असतं, पण अमर्याद कॉलच्या प्लॅनमध्ये वापर कमी-जास्त झाला तरी ते हलत नाही. तेव्हा टक्का शेवटी निघतो. त्याआधी या खर्चाची वाटणी कशाच्या आधारावर करायची, हे ठरवावं लागतं. आणि त्याच्याही आधी हा खर्च वाटण्याजोगा आहे का, हे पाहावं लागतं.

वाटता येणारे आणि न येणारे खर्च

काही खर्च घर आणि व्यवसाय अशा दोन्हींच्या उपयोगी पडतात, पण त्यांचे दोन तुकडे होत नाहीत. याचं गाजलेलं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. मॅलेल्यू नावाच्या बॅरिस्टरबाईंनी न्यायालयात घालण्यासाठी घेतलेल्या गडद रंगाच्या कपड्यांचा खर्च व्यवसायातून वजा मागितला होता. न्यायालयाच्या शिष्टाचारानुसार तसे कपडे लागायचेच आणि एरवी आपण ते घातले नसते, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, ही वजावट पूर्ण नाकारली. अंग झाकायला आणि ऊब मिळायला माणसाला कपडे लागतातच, आणि तो हेतू त्याच कपड्यांनी त्याच क्षणी पूर्ण होतो, असा तो युक्तिवाद होता. कपड्याची कुठली बाही न्यायालयाची आणि कुठली स्वतःची, हे सांगता येत नाही.

खोलीचं तसं नाही. सकाळी तिथे काम चालतं आणि रात्री पाहुणे झोपतात, म्हणजे वेळेने तिचे भाग पडतात. घराच्या एका कोपऱ्यात टेबल आहे आणि बाकी घर घरासाठी आहे, म्हणजे जागेनेही भाग पडतात. फोनवर एक कॉल ग्राहकाचा असतो आणि दुसरा मावशीचा. जिथे असा ओळखता येणारा भाग निघतो, तिथेच विभागणीला अर्थ आहे. खर्च समोर आला की मी पहिला प्रश्न हाच विचारते: व्यवसायाचा भाग बोट ठेवून दाखवता येईल का? येत नसेल, तर २० टक्के काय आणि २ टक्के काय, दोन्ही हवेतलेच.

इथे कायद्याकडेही पाहावं लागतं, कारण काही ठिकाणी विभागणीचं दार मुळातच बंद असतं. अमेरिकेत घरातल्या कामाच्या जागेची वजावट हवी असेल, तर तो भाग नियमितपणे आणि फक्त व्यवसायासाठीच वापरलेला असावा लागतो. त्या खोलीत संध्याकाळी मुलं अभ्यासाला बसली, तर तिथे वेळेची वाटणी होत नाही, वजावटच जाते. घरात पाळणाघर चालवणाऱ्यांना मात्र यातून सूट आहे. ब्रिटनमध्ये मिश्र वापर चालतो, फक्त वाटणी रास्त असावी लागते. भारतात १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३७ ने वैयक्तिक खर्च बाहेर ठेवला, पण कलम ३८ ने राहत्या घराचा काही भाग व्यवसायासाठी वापरला तर भाड्याची वजावट त्या भागाच्या वार्षिक मूल्याच्या प्रमाणात द्यायची सोय केली. यंत्रं, फर्निचर अशा गोष्टी पूर्णपणे व्यवसायात वापरल्या जात नसतील, तर रास्त प्रमाणातला भाग मान्य करायचा, असंही तिथे होतं. एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे जुना क्रमांक पाठ करून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. हे सगळं मुख्यतः स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. पगारदार माणूस घरून काम करतो म्हणून त्याला हेच नियम लागू होतील असं नाही. भारतात पगारदारांना प्रमाणित वजावट मिळते, घरातल्या टेबलाचा प्रत्यक्ष खर्च मागता येत नाही. ऑस्ट्रेलियात कर्मचाऱ्याला वीज-इंटरनेटसारखा चालू खर्च मिळतो, पण भाडं सहसा मिळत नाही.

एक घर, एक खोली

आता एक उदाहरण शेवटपर्यंत चालवू. घरातून व्हिडिओ संपादनाचं काम करणारा एक जण आहे. घर भाड्याचं, एकूण ६०० चौरस फुटांचं. कामाची खोली ९० चौरस फुटांची. दिवसा तो तिथे काम करतो, संध्याकाळी तीच खोली घरच्यांच्या वापरात असते. वर्षाचं भाडं २,८८,००० आहे. चलन कुठलंही धरा, पद्धत तीच राहते. मिश्र वापराला परवानगी देणाऱ्या नियमांखाली तो हिशेब करतोय, असं समजू.

पहिली पायरी जागेची. ९० भागिले ६००, म्हणजे १५ टक्के. इथेच पहिली फट आहे. ६०० मध्ये स्वयंपाकघर, न्हाणीघर, बोळ, बाल्कनी हे सगळं आलं का? काही जण सामायिक जागा वगळून फक्त खोल्यांचं क्षेत्रफळ खाली घेतात. मग छेद लहान होतो आणि टक्का वाढतो. दोन्ही पद्धतींचं समर्थन करता येतं, पण एकदा निवडलेली पद्धत सगळ्या खर्चांना आणि सगळ्या वर्षांना सारखीच लावावी लागते. भाड्यासाठी एक क्षेत्रफळ आणि दुरुस्तीसाठी दुसरं, असं केलं की फाईल उघडताच दिसतं. आणि घराचं माप करारातलं घेतलं तर खोलीचंही त्याच प्रकारचं हवं. घराचं चटईक्षेत्र आणि खोलीचं भिंतींसकट माप अशी सरमिसळ मी बऱ्याचदा पाहिली आहे. त्यात खोली फुगते आणि घर आक्रसतं.

तर जागेप्रमाणे खोलीचं भाडं झालं ४३,२००. खोली फक्त व्यवसायाची असती, तर हिशेब इथेच संपला असता. ती मिश्र वापरात आहे, म्हणून दुसरी पायरी येते ती वेळेची. या संपूर्ण विषयात मला सगळ्यात रंजक वाटणारी गोष्ट इथे आहे.

आपला संपादक आठवड्याला ४५ तास काम करतो. पण वर्षाचे ५२ आठवडे नाही. सुट्ट्या, आजारपण, गावाला जाणं धरून तो ४६ आठवडे काम करतो. म्हणजे वर्षाला २,०७० तास. घरचे लोक खोली आठवड्याला १५ तास वापरतात, तेही बाराही महिने. म्हणजे ७८० तास. आता व्यवसायाचा वाटा किती?

एक उत्तर असं: खोली एकूण जितके तास वापरात होती, त्यातले कामाचे किती? २,०७० भागिले २,८५०, म्हणजे साधारण ७२.६ टक्के. दुसरं उत्तर असं: वर्षात एकूण ८,७६० तास असतात, त्यातले कामाचे किती? २,०७० भागिले ८,७६०, म्हणजे २३.६ टक्के. पहिल्या उत्तराप्रमाणे वजावट ३१,३७७ होते. दुसऱ्याप्रमाणे फक्त १०,२०८. खोली तीच, माणूस तोच, तासही तेच. फरक पडला तो भागाकाराच्या खाली काय ठेवलं त्यामुळे.

यात खरं कुठलं? दोन्ही पद्धती जगात अधिकृतपणे चालतात. ब्रिटनच्या करखात्याच्या मार्गदर्शिकेत एका लेखिकेचं उदाहरण आहे. बैठकीच्या खोलीत ती सकाळी ४ तास लिहिते, संध्याकाळी ४ तास कुटुंब ती खोली वापरतं. तिथे वेळेचा वाटा निम्मा धरलेला आहे. रिकाम्या तासांची गणती नाही. उलट अमेरिकेत पाळणाघरवाल्यांसाठी जो हिशेब आहे, त्यात छेदात वर्षाचे सगळे तास येतात, रात्री खोली रिकामी असली तरी. मागचा विचार सरळ आहे. रिकामी खोली हा कोणाचा खर्च? पहिली पद्धत म्हणते, वापरणाऱ्यांनी तो आपापल्या प्रमाणात वाटून घ्यावा. दुसरी म्हणते, घर मुळात राहण्यासाठी घेतलेलं आहे, रिकामा वेळही घराचाच.

माझं मत पहिल्या पद्धतीच्या बाजूने आहे, जिथे नियम गप्प आहे तिथे. पण मग घरच्यांच्या वापराचे तास प्रामाणिकपणे धरायला हवेत. बहुतेक जण कामाचे तास काटेकोर मोजतात आणि घरचे तास "फारसं कोणी येत नाही" म्हणून सोडून देतात. त्या खोलीत कपाट असेल, कपडे वाळत घातले जात असतील, पाहुणा आठवडाभर झोपत असेल, तर तोही वापर आहे. घरचा वापर मोजण्याच्या पलीकडचा असेल, तर ८,७६० वाला छेद घेणं जास्त सुरक्षित. रक्कम कमी मिळते, पण वाद घालायला जागा राहत नाही.

घर स्वतःच्या मालकीचं असेल तर भाडं नावाचा खर्चच नसतो. स्वतःला भाडं दिलं असं दाखवून वजावट घेता येत नाही. तिथे कर्जावरचं व्याज, मालमत्ता कर, विमा, दुरुस्ती, घसारा यांपैकी त्या-त्या देशात जे चालतं, त्यालाच हे प्रमाण लागतं. कर्जाच्या हप्त्यातला मुद्दलाचा भाग खर्च नव्हे, तरी संपूर्ण हप्त्यालाच टक्का लावलेला अनेक हिशेबांत दिसतो. दुरुस्तीत एक बारकावा आहे. कामाच्या खोलीचीच भिंत रंगवली तर क्षेत्रफळाची पायरी लागत नाही, तो खर्च त्या खोलीचाच आहे. मिश्र वापर असेल तर फक्त वेळेचं प्रमाण लावायचं. स्वयंपाकघराची फरशी बदलली तर व्यवसायाचा वाटा शून्य.

विजेला खोलीचं माप लावू नका

जागा आणि वेळ मिळून आपल्या संपादकाचं प्रमाण साधारण १०.९ टक्के झालं. अनेक जण हेच प्रमाण विजेच्या बिलालाही लावून मोकळे होतात. विजेच्या बाबतीत हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे. त्याचा संगणक व्हिडिओ रेंडर करतो, तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतो. खोली घराच्या १५ टक्के असली तरी वीज त्याहून कितीतरी जास्त खाते.

इथे उपकरणावरून हिशेब करायचा. प्लगमध्ये बसवायचं छोटं वीजमापक मिळतं, ते आठवडाभर लावून ठेवलं की संगणक, दोन मॉनिटर आणि स्पीकर मिळून सरासरी किती वॅट घेतात ते कळतं. समजा सरासरी ४०० वॅट आली. म्हणजे तासाला ०.४ युनिट. २,०७० तासांचे झाले ८२८ युनिट. घराचा वर्षाचा वापर बिलांवरून ३,००० युनिट दिसतो. म्हणजे २७.६ टक्के, आणि यात दिवे-पंखे अजून धरलेलेच नाहीत. १०.९ च्या जागी हे प्रमाण अडीचपट आहे आणि त्याला मोजमापाचा आधार आहे.

मापक न लावता संगणकाच्या पॉवर सप्लायवरचा आकडा घेणं ही नेहमीची चूक. त्यावर ७५० वॅट लिहिलेलं असतं, पण ती त्याची कमाल क्षमता झाली, रोजचा वापर नव्हे. तो आकडा घेतला तर युनिट जवळजवळ दुप्पट होतात. तपासायचा सोपा उपाय म्हणजे घरातल्या इतर मोठ्या उपकरणांचाही ढोबळ अंदाज काढून बेरीज करणं. फ्रिज, पाणी तापवणं, धुलाई यंत्र आणि तुमचा संगणक यांची बेरीज बिलातल्या युनिटांपेक्षा जास्त आली, तर कुठेतरी आकडा फुगलाय.

उलट एखादी अनुवादक लॅपटॉपवर काम करत असेल, तर याच पद्धतीने तिचा वाटा अगदी किरकोळ निघेल. तिच्यासाठी खोलीच्या प्रमाणात दिवा, पंखा, थंडीत हीटर असा हिशेब जास्त रास्त ठरू शकतो. पण आपल्या सोयीचा आकडा ज्या पद्धतीतून येतो ती पद्धत निवडणं आणि खर्च जिच्यामुळे होतो ती निवडणं, यातला फरक तपासणाऱ्याला कळतो.

फोन: आधी वेगळं काढा, मग वाटा

फोनच्या बाबतीत टक्का काढण्याआधी एक पायरी आहे, ती बहुतेक जण विसरतात. बिलातला जो भाग निखळ व्यवसायाचा आहे तो पूर्ण बाजूला काढायचा. जो निखळ घरचा आहे तोही काढायचा. उरलेल्या भागालाच टक्का लावायचा.

आपल्या संपादकाचं फोनचं वर्षाचं बिल १०,८०० आहे. त्यात ३,००० फक्त कामाच्या प्रवासातल्या रोमिंगचे आहेत. ते पूर्ण व्यवसायाचे. उरले ७,८००. त्याने चार आठवडे नोंद ठेवली आणि कामाचा वापर ४० टक्के निघाला. पण चार आठवडे कामाचे होते, आणि तो वर्षातले ४६ आठवडेच काम करतो. म्हणून ४० गुणिले ४६ भागिले ५२, म्हणजे ३५.४ टक्के. ७,८०० चे झाले २,७६१. त्यात ३,००० मिळवले की ५,७६१. पूर्ण बिलाला सरळ ३५.४ टक्के लावले असते तर ३,८२३ च आले असते. उलट बिलात चित्रपट पाहण्याची घरगुती सदस्यता मिसळलेली असती आणि ती वेगळी काढली नसती, तर हाच हिशेब दुसऱ्या बाजूला चुकला असता.

चार आठवड्यांची नोंद ही पद्धत मी मनाने सांगत नाही. ऑस्ट्रेलियाचं करखातं प्रत्यक्ष खर्च मागणाऱ्यांना फोन आणि इंटरनेटसाठी अशी प्रातिनिधिक नोंद स्वीकारतं. त्यातला कळीचा शब्द प्रातिनिधिक. मोठ्या प्रकल्पाच्या शेवटच्या महिन्यात नोंद ठेवली तर प्रमाण फुगेल, नुकतंच बाळ झालेल्या महिन्यात ठेवली तर पडेल. वर्षाच्या मध्यात कामाचं स्वरूपच बदललं, उदाहरणार्थ फोनवर बोलणारा ग्राहक गेला आणि ईमेलवर काम देणारा आला, तर त्या एका नोंदीवर वर्ष काढता येत नाही. बदलानंतरची नवी नोंद लागते.

आणि नोंद कशाची ठेवायची? कॉल किती झाले, मिनिटं किती, की डेटा किती? त्याच चार आठवड्यांत संपादकाच्या २०० कॉलपैकी १४० कामाचे होते, म्हणजे ७० टक्के. पण ते छोटे होते. १,०५० मिनिटांपैकी कामाची ४२०, म्हणजे ४० टक्के. घरचे कॉल थोडे, पण लांबलचक. डेटा पाहिला तर कामाचा वाटा आणखी खाली, कारण रात्री अंथरुणात पाहिलेले व्हिडिओ सगळा डेटा गिळतात. अमर्याद प्लॅनमध्ये यांपैकी कशामुळेच बिल वाढत नाही, त्यामुळे अचूक असं एकच उत्तर नाही. फोनचा उपयोग मुख्यतः बोलण्यासाठी असेल तर मिनिटं हा आधार समजावून सांगायला सोपा आणि टिकणारा. कॉलची संख्या हा सगळ्यात कच्चा आधार, कारण न लागलेला आणि तासभर चाललेला कॉल तिथे एकसारखे मोजले जातात.

घरच्या ब्रॉडबँडला डेटा हा आधार जास्त शोभतो, कारण संपादक मोठमोठ्या फायली चढवतो आणि राउटरमध्ये प्रत्येक उपकरणाचा वापर वेगळा दिसतो. मात्र तिथे घरातल्या इतर माणसांचाही वापर छेदात आला पाहिजे. "मी इंटरनेटवर जितका वेळ असतो त्यातला ८० टक्के कामाचा" हे खरं असेल, पण बिल एकट्याचं नाही.

फोन विकत घेतल्याची किंमतही याच प्रमाणात वाटायची. ती एकदम खर्च म्हणून येवो की दरवर्षी घसारा म्हणून, व्यवसायाच्या वापराचं प्रमाण लागतंच. घसारा असेल तर प्रमाण दरवर्षी नव्याने पाहावं. दुसऱ्या वर्षी वेगळा कामाचा फोन घेतला आणि जुना मुलाला दिला, तर जुन्यावर व्यवसायाचा वाटा त्याच दिवशी थांबतो.

ठरावीक दर आणि त्यातला सापळा

इतकं मोजायचं नसेल तर काही देशांनी ठरावीक दर दिले आहेत. अमेरिकेत पात्र जागेसाठी दर चौरस फुटाला ५ डॉलर, जास्तीत जास्त ३०० चौरस फूट, म्हणजे कमाल १,५०० डॉलर. ब्रिटनमध्ये महिन्याला २५ ते ५० तास घरून काम असेल तर १० पौंड, ५१ ते १०० तासांना १८, त्यापुढे २६. ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून तासाला ७० सेंट.

सापळा असा की या दरात नेमकं काय धरलंय, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. ऑस्ट्रेलियाच्या दरात वीज, इंटरनेट, फोन सगळं आलं. तो दर घेऊन फोनचं बिल वेगळं मागितलं की तो खर्च दोनदा मागितल्यासारखा होतो, मग तो फोन कामासाठी बाहेर वापरलेला असला तरीही. ब्रिटनच्या दरात फोन आणि इंटरनेट येत नाहीत, ते वेगळे मागता येतात. शिवाय ऑस्ट्रेलियात ठरावीक दर घ्यायचा तर चार आठवड्यांचा नमुना चालत नाही, वर्षभराच्या तासांची नोंद लागते. म्हणजे सोपी वाटणारी पद्धत नोंदींच्या बाबतीत जास्त कडक आहे.

भारतात असा दर नाही, पण पात्र व्यावसायिकांसाठी अनुमानित उत्पन्नाची योजना आहे. तिच्यात एकूण जमेच्या किमान ५० टक्के उत्पन्न धरलं जातं आणि बाकी सगळे खर्च त्यातच वजा झाले असं मानलं जातं. ती निवडली तर खोली आणि फोनची ही वाटणी करण्याचा प्रश्नच उरत नाही. ज्यांचे खर्च मुळातच थोडे आहेत, त्यांनी चौरस फूट मोजत बसण्यापेक्षा आधी हे पाहिलेलं बरं.

कागदावर काय असावं

प्रत्येक खर्चासाठी अर्ध्या पानाची टिपण पुरते. कुठला आधार घेतला, का घेतला, आकडे कुठून आले, हिशेब कसा झाला. सोबत घराचा नकाशा किंवा करार, मापकाच्या आकड्यांचा फोटो, चार आठवड्यांची फोनची नोंद आणि बिलं. टिपण त्याच वर्षात, त्याच तारखेला केलेली असावी. तीन वर्षांनी नोटीस आल्यावर बसून आठवलेले तास ओळखू येतात, कारण ते प्रत्येक आठवड्याला एकसारखेच असतात.

हे तास बाकीच्या कागदांशी जुळतात का, हेही एकदा पाहा. त्याच महिन्यात दहा दिवसांच्या प्रवासाचा खर्च मागितलेला असेल आणि घरी ४५ तासांचा आठवडाही दाखवला असेल, तर दोन्हींपैकी एक खोटं आहे. ग्राहकाने इंटरनेटचे पैसे वेगळे दिले असतील, तर ते आधी वजा करायला हवेत. एकाच खोलीतून दोन व्यवसाय चालत असतील, तर दोघांच्या वाट्यांची बेरीज खोलीच्या व्यवसायाच्या वाट्यापेक्षा जास्त होता कामा नये. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

शेवटची गोष्ट घर विकण्याशी निगडित आहे आणि ती वाटणी करतानाच विचारात घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये स्वतःचं राहतं घर विकल्यावर नफ्यावर सूट मिळते, पण जो भाग फक्त व्यवसायासाठी वापरला त्याला ती मिळत नाही. म्हणून तिथले सल्लागार त्या खोलीत थोडा तरी घरचा वापर राहू द्या म्हणतात. अमेरिकेत नेमकं उलट आहे. तिथे फक्त व्यवसायाचा वापर नसेल तर वजावटच नाही. आणि वजावट घेतली की घराच्या त्या भागावरच्या घसाऱ्याएवढा नफा विक्रीच्या वेळी करात येतो, तो घसारा मागायला तुम्ही विसरला असलात तरी. ठरावीक ५ डॉलरच्या पद्धतीत मात्र त्या वर्षांचा घसारा शून्य धरला जातो. म्हणून काही वर्षांत घर विकायचा विचार असेल, तर वजावट थोडी कमी मिळूनही अनेक जण तीच पद्धत घेतात.